अंबाडीच्या फुलांचा चहा

लाल अंबाडीच्या (हिबिस्कस सब्डारिफा) फुलांच्या वाळवलेल्या भागापासून केलेला आंबट, गडद लाल काढा. रक्तदाब थोडा खाली आणण्यासाठी तो प्यायला जातो. इजिप्त आणि सुदानमध्ये याला ‘करकदे’ म्हणतात, मेक्सिकोत ‘हमाइका’, तर सेनेगलमध्ये ‘बिसाप’. विदर्भात याच अंबाडीचे सरबत आणि चटणी घरोघरी होते.

चहासाठी फुलाच्या पाकळ्या लागत नाहीत. पाकळ्या गळून गेल्यावर बोंडाभोवती जो लाल, मांसल कप वाढतो, तो वापरतात. बाजारात ‘अंबाडीची फुले’ म्हणून तोच मिळतो. देवाला वाहतात ती जास्वंद याच कुळातली असली तरी वेगळी वनस्पती आहे. रक्तदाबावर माणसांमध्ये झालेल्या ज्या चाचण्यांचा नेहमी दाखला दिला जातो, त्या लाल अंबाडीच्या आहेत. अंगणातल्या जास्वंदीला त्या लागू धरता येत नाहीत.

परिणाम किती. अमेरिकेतील बॉस्टन येथील टफ्ट्स विद्यापीठात झालेली आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी यात सर्वांत उपयोगी आहे, कारण तिच्यात दिलेला चहा घरी करता येण्याजोगा होता. 30 ते 70 वयाच्या, रक्तदाब किंचित वाढलेल्या 65 जणांनी सहा आठवडे रोज तीन कप पेय घेतले. निम्म्यांना अंबाडीचा चहा मिळाला, निम्म्यांना त्याच चवीचे नकली पेय. चहा घेणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी सुमारे 7 ने उतरला, नकली पेयवाल्यांचा 1 ने. खालच्या आकड्यात खात्रीने सांगता येईल असा फरक पडला नाही. ज्यांचा दाब सुरुवातीला जास्त होता, त्यांच्यात उतार अधिक दिसला.

यातली एक अट लेखांतून आणि संदेशांतून हमखास गळते: या 65 जणांपैकी कोणीही रक्तदाबाची गोळी घेत नव्हते. म्हणजे ‘चहाने बीपी उतरते’ हे वाक्य गोळी न घेणाऱ्यांवर तपासलेले आहे. गोळीवर चहा घेतला तर काय होते, याचे उत्तर या चाचणीत नाही. मेक्सिकोत बराच दाट काढा, म्हणजे अर्धा लिटर पाण्यात 10 ग्रॅम फुले, कॅप्टोप्रिलच्या गोळीशी ताडून पाहिला गेला आणि चार आठवड्यांत दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा आला. पुढे लिसिनोप्रिलशी तुलना झाली, तेव्हा गोळी सरस ठरली. हे अभ्यास लहान आणि थोड्या आठवड्यांचे आहेत. चहा बंद केल्यावर दाब तसाच खाली राहतो, असे मानायला आधार नाही.

परिणामाचे कारण मुख्यतः लाल रंग देणाऱ्या अँथोसायनिन या द्रव्यांत शोधले जाते. रक्तवाहिन्या आवळणारे संप्रेरक तयार करणाऱ्या एका विकराला ती अडवतात, आणि एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल या गोळ्यांचेही काम तेच आहे. शिवाय या चहाने लघवी थोडी वाढते. थोडक्यात, ज्या वाटांनी गोळ्या दाब उतरवतात, त्याच वाटांनी हाही उतरवतो.

करण्याची रीत. बॉस्टनच्या चाचणीत एका कपाला, म्हणजे 240 मिलिलिटर पाण्याला, सव्वा ग्रॅम फुले घेतली होती. घरच्या काट्यावर सव्वा ग्रॅम नीट मोजता येत नाही. त्यासाठी 5 ग्रॅम वाळलेली फुले तोलून हाताने चुरावीत आणि त्याचे चार सारखे भाग करावेत. एक भाग एका कपाचा. फुले आधी गार पाण्याखाली झटकन धुवावीत, कारण फुलांच्या खाचांत माती अडकून राहते. पाणी उकळले की गॅस बंद करून फुले टाकावीत, झाकण ठेवावे आणि सहा मिनिटांनी गाळावे. चहापत्तीसारखे उकळत ठेवले तर रंग मळकट होतो आणि आंबटपणा घशाला लागतो. भांडे स्टीलचे किंवा काचेचे हवे. ॲल्युमिनियमला आणि कल्हई उडालेल्या पितळेला हा आंबट काढा लागतो.

चांगल्या फुलांचा काढा दोन मिनिटांतच माणकासारखा लाल होतो. तपकिरी उतरला तर माल जुना किंवा उन्हात करपलेला समजावा. फुले बोटांत कडकन मोडली पाहिजेत. चिवट लागत असतील, कुबट वास येत असेल किंवा आत पांढरी कापशी दिसली, तर टाकून द्यावीत. घरची फुले असतील तर मधले बोंड काढून भोवतालचे लाल कप सावलीत वाळवावेत. बोंडासकट वाळवले की आत ओल राहते आणि बुरशी धरते.

सरबतात गूळ आणि काळे मीठ घालतात, चव छानच लागते. पण रक्तदाबासाठी पिताना मीठ नको. काळे मीठही मीठच आहे, आणि रोज तीन पेल्यांत ते पडले तर चहाने उतरलेला दाब मिठाने चढेल.

गोळ्या घेणाऱ्यांसाठी. समजा, 58 वर्षांच्या एका बाई टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅम आणि हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5 मिलिग्रॅमची जोडगोळी घेतात. सकाळचा दाब 132/82 असतो. कोणाचे ऐकून त्या रोज तीन कप चहा सुरू करतात. दहाएक दिवसांनी आकडा 114/72 येतो, त्यांना आनंद होतो. पण पहाटे उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. इथे बसून घेतलेला आकडा पुरेसा नाही. पाच मिनिटे शांत बसून दाब मोजावा, मग उभे राहून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजावा. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने पडला, तर तोल जाऊन पडण्याचा धोका खरा आहे. अशा वेळी चहा थांबवावा, नोंदवही घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि चहाचा उल्लेख स्वतःहून करावा, कारण घरगुती काढ्याबद्दल डॉक्टर विचारतीलच असे नाही. आकडा छान आला म्हणून मनानेच गोळी अर्धी करणे ही याहून मोठी चूक. चहाचा जोर दर खेपेच्या मालागणिक बदलतो, गोळीचा बदलत नाही.

म्हणून सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे. त्यांनी होकार दिला तर दिवसाला एका कपाने सुरुवात करावी आणि सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी दाब लिहून ठेवावा. लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जास्त जपावे: प्राण्यांवरील अभ्यासात अंबाडीच्या अर्कासोबत हायड्रोक्लोरोथायझाइडचे रक्तातले प्रमाण वाढलेले दिसले आहे. मूत्रपिंडाचे काम मंदावलेल्यांनी, विशेषतः पोटॅशियम कमी खायला सांगितले असेल त्यांनी, विचारल्याशिवाय घेऊच नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखरेवरही लक्ष हवे.

परिणाम केवळ बीपीच्या गोळ्यांपुरता नाही. सुदानमधल्या अभ्यासात करकदेसोबत घेतलेले मलेरियावरचे क्लोरोक्विन शरीरात कमी शोषले गेले, आणि कोलेस्टेरॉलच्या सिम्वास्टॅटिनची रक्तातली पातळीही घटल्याचे आढळले आहे. गरोदरपणात हा चहा औषध म्हणून घेऊ नये. आंबटपणामुळे छातीत जळजळ होणाऱ्यांना तो सोसत नाही, आणि दातांचे आवरणही झिजते. पिऊन झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, लगेच ब्रश करू नये.