लेव्हल आणि एक्यूएल: पीओवर दोन्ही का लिहायचे

माल निघण्याआधी थर्ड पार्टी इन्स्पेक्शन ठरवताना पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, बहुतेक जण "एक्यूएल 2.5" एवढंच लिहितात. लेव्हलचा उल्लेखच नसतो. खरं तर ही दोन वेगळी बटणं आहेत. किती नग उचलायचे, हे लॉटचा आकार आणि लेव्हल ठरवते. त्यातले किती खराब निघाले तरी लॉट पास, हे एक्यूएल, म्हणजे खराब मालाची चालण्याजोगी टक्केवारी, ठरवतं.

साताऱ्याच्या एका पंप कारखान्याने कुपवाडच्या फाउंड्रीला 3000 इम्पेलरची ऑर्डर दिली असं धरा. स्टँडर्ड आयएसओ 2859-1, म्हणजे आपलं आयएस 2500 भाग 1. सिंगल सॅम्पलिंग, नॉर्मल इन्स्पेक्शन. जनरल लेव्हल 2 लावली तर 125 नग तपासायचे. एक्यूएल 2.5 ला 7 खराब निघेपर्यंत लॉट पास, आठवा निघाला की नापास. 125 मध्ये 7 म्हणजे साडेपाच टक्क्यांहून जास्त झाले, हे पाहून नवा माणूस चकित होतो. पण ही मुभा मुद्दाम ठेवलेली आहे: ज्या लॉटमध्ये खरोखर अडीच टक्केच खराब माल आहे, तो नशिबाच्या खेळात नापास होऊ नये म्हणून.

आता फाउंड्रीवाला म्हणतो, "साहेब, एक्यूएल तोच ठेवू, फक्त लेव्हल 1 करू, इन्स्पेक्टरचा वेळ वाचेल." सॅम्पल 50 वर येतो आणि मर्यादा 3 वर. कागदावर एक्यूएल 2.5 च राहतो, पण चाळणी सैल होते. ज्या लॉटमध्ये 8 टक्के खराब आहेत, तो लेव्हल 2 मधून साधारण पाचात एकदा निसटतो, लेव्हल 1 मधून पाचात दोनदा. म्हणून नव्या सप्लायरबरोबर मी लेव्हल 2 च्या खाली जात नाही.

खराब म्हणजे काय, तेही लिहून द्या: बोअर गो-नोगो गेजमध्ये बसत नाही, व्हेनवर ब्लोहोल आहे, वगैरे. तडा गेलेल्या नगाला एक्यूएल लावू नका. सॅम्पलमध्ये एकही सापडला तर लॉट नापास. आणि नग इन्स्पेक्टरनेच उचलावेत, थप्पीच्या तळाच्या क्रेटमधलेही. सप्लायरने समोर मांडून ठेवलेल्या नगांना सॅम्पल म्हणता येत नाही.

पैशांची अट याच आकड्यांना बांधा. "तपासणीनंतर 70 टक्के" असं लिहिलंत तर नापास रिपोर्टवरही पैसे मागता येतात. त्याऐवजी लिहा: 30 टक्के अॅडव्हान्स, उरलेले 70 टक्के वरील लेव्हल आणि एक्यूएलनुसार "पास" रिपोर्ट आल्यावर, तीन कामकाजाच्या दिवसांत, डिस्पॅचआधी. लॉट नापास झाला तर फाउंड्रीने सगळे 3000 नग निवडून, खराब बाजूला काढून पुन्हा तपासणीला द्यायचे आणि त्या फेरीचा खर्च तिनेच सोसायचा. तीन दिवसांची मुदत फाउंड्रीच्या हितासाठी आहे. पास झालेला माल शेडमध्ये पडून राहिला की तिचंही भांडवल अडकतं.