१०२६ सालच्या ठाण्यात गुलाब नावाची दासी नव्हती

ऐरोलीला राहणारी माझी एक मैत्रीण शिलाहारांच्या ठाण्यावर कादंबरी लिहिते आहे. काळ शिलाहार राजा छित्तराजाचा, साल १०२६. पहिली तीन प्रकरणं तिने मला तलावपाळीवर बसून वाचून दाखवली. दुसऱ्याच पानावर सरदार येसाजीराव घोड्यावरून उतरले, हुजऱ्याने लगाम धरला आणि गुलाब नावाची दासी पाणी घेऊन आली. मी तिथेच थांबवलं. वाक्य छान होतं, पण ते रायगडावरचं वाटत होतं. छित्तराजाचं ठाणं त्याच्या सहाशे वर्षं आधीचं.

घोटाळा येसाजीपेक्षा बाकीच्या शब्दांचा जास्त आहे. सरदार, शिलेदार, हवालदार, जासूद, हुजऱ्या, चिटणीस हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले, किंवा चिटणीससारखे त्या भाषांच्या कलमाने तयार झालेले. अल्लाउद्दिनाची देवगिरीवरची स्वारी १२९६ची आणि बहमनी राज्य १३४७चं. हे शब्द दख्खनच्या कारभारात रुजले ते त्यानंतर. गुलाबही फारसी. शिपाई, फौज, नोकर, चाकर तसेच, आणि मैत्रिणीने ज्या शब्दावर जीव टाकला होता तो ‘दरबार’सुद्धा. तिने कपाळावर हात मारला. मी म्हटलं, ‘राजसभा’ लिही, कुणी अडणार नाही.

मग त्या राजसभेत बसत कोण होतं? याचं उत्तर ठाण्याजवळच सापडलेलं आहे. भांडुपला मिळालेला छित्तराजाचा ताम्रपट शके ९४८चा, म्हणजे नेमका १०२६चा. साष्टीतल्या एका गावातलं शेत आमदेवैय नावाच्या ब्राह्मणाला दिल्याचा तो दस्त. त्यात राजाच्या मंत्र्यांची नावं आहेत. सर्वाधिकारी नागणैय. सांधिविग्रहिक, म्हणजे तह आणि लढाईचा मंत्री, सीहपैय. आणि कर्णाटाशी असलेल्या व्यवहारासाठी वेगळा सांधिविग्रहिक, त्याचं नाव कपर्दी. ताम्रपट लिहिणारा होता नागलैय कवीचा पुतण्या. ही यादी मोठ्याने वाचली की कानाला जाणवतं, यातला एकही ‘राव’ नाही, ‘पंत’ नाही, ‘जी’ नाही. कपर्दी सोडला तर शेवटी येतो तो ‘ऐय’, कन्नडचा ‘अय्य’, आपल्या ‘आर्य’चाच चुलत भाऊ.

ठाण्यात कन्नड वळण कुठून आलं, हे कळल्याशिवाय अशी नावं नुसती सजावट वाटतात. शिलाहार हे मुळात राष्ट्रकूटांचे मांडलिक. नवव्या शतकाच्या सुरुवातीला पहिला कपर्दी उत्तर कोकणात बसला तो त्यांच्याच जोरावर, आणि या पट्ट्याला त्याच्या नावावरून ‘कपर्दिकाद्वीप’ म्हणू लागले. राष्ट्रकूटांच्या राजसभेत कन्नडला मान होता. शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत. तगर म्हणजे धाराशिवजवळचं तेर. आपण घाटावरून आलोत ही आठवण बिरुदातून त्यांनी शेवटपर्यंत जपली. सोबत आलेल्या कारभारी घराण्यांनी नावांची रीतही आणली असणार. ९७३मध्ये राष्ट्रकूट कोसळले, तरी अपराजित शिलाहाराने भादाणच्या ९९७च्या ताम्रपटात त्यांच्या नाशाची हळहळ कोरून ठेवली. धनी गेला, पण सवय लगेच जात नाही. म्हणून १०२६मध्येही मंत्री नागणैयच.

खुद्द राजांची नावं पाहिली तर काळ कसा सरकला ते दिसतं. दहाव्या शतकात झंझ, गोग्गी, वज्जड अशी ठसठशीत प्राकृत नावं, ज्यांचं स्पेलिंग आजच्या मुलांना सांगताना पालकांची दमछाक होईल. मधे छित्तराज आणि मुम्मुणी. अंबरनाथच्या देवळातल्या १०६०च्या लेखात हाच मुम्मुणी ‘माम्वाणि’ आहे. एकाच माणसाची दोन रूपं. छित्तराजाच्या आधीचा अरिकेसरी म्हणजेच ‘केशिदेव’. बाराव्या-तेराव्या शतकात मात्र अपरादित्य, हरिपालदेव, मल्लिकार्जुन, सोमेश्वर. म्हणजे कादंबरी ९२०ची असेल तर झंझ चालेल, १०२६ची असेल तर नागणैय, आणि १२५०ची असेल तर सोमेश्वर. ‘प्राचीन’ म्हणून तिन्ही एकाच पंगतीला बसवले की जाणता वाचक पान मिटतो.

राजसभेत एक परका माणूस हवा होता तिला, अरब व्यापारी. त्याला आधार आहे. चिंचणीच्या ९२६च्या ताम्रपटात राष्ट्रकूटांचा संजाणचा अधिकारी ‘मधुमती’ आहे, म्हणजे मुहम्मद. लेखकाने ऐकलं तसं संस्कृत करून टाकलं. मी तिला सांगितलं, ‘खान’ लावू नकोस. सभेतले लोक त्याला ‘मधुमती’ म्हणतील, तो घरी स्वतःला मुहम्मद म्हणेल. या दोन नावांमधल्या फटीत एक आख्खं प्रकरण बसेल.

खरी अडचण सैनिक आणि नोकरांची. ताम्रपटात देणारा, घेणारा, मंत्री आणि लिहिणारा येतो. घोड्याला चारा घालणाऱ्याला तिथे जागा नाही. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर नावेतून लढणारे आणि पडणारे कितीतरी आहेत, पण त्यांची नावं नाहीत. सैनिकांचं पद तरी मिळतं. स्वार ‘राउत’, जो मूळचा राजपुत्र. पायी लढणारा ‘पाइक’, टोळीचा म्होरक्या ‘नायक’, सेनेचा प्रमुख ‘दंडनायक’. हे शब्द वापरले की ‘शिलेदार’ची उणीव भासत नाही.

नावांसाठी मी तिला अडीचशे-तीनशे वर्षं पुढे नेलं, कारण साध्या माणसांची नावं मराठीत भरघोस सापडतात ती यादवकाळाच्या शेवटी. नामदेवांच्या घरात बाप दामाशेटी, आई गोणाई, बायको राजाई, मुलगी लिंबाई. आणि त्या घरची दासी जनी. महानुभावांच्या लीळांमध्ये एल्हाइसा, आबाइसा, उमाइसा. ढाचा सरळ आहे: दोन अक्षरांचं मूळ, वर ‘आई’, ‘आइसा’ किंवा ‘बा’. मान नको असेल तेव्हा ते शेपूट गळतं आणि उरते जनी. हे तेराव्या-चौदाव्या शतकाचं आणि घाटावरचं, हे खरं. पण दासीची नावं धन्यांच्या नावांइतकी भराभर बदलत नाहीत, असं मला वाटतं. हा पुरावा नाही, माझा अंदाज आहे, आणि कादंबरीत अंदाजाला मुभा असते.

त्या बाकावर बसूनच आम्ही सरदार येसाजीरावांचं घर पुन्हा बांधलं. तो झाला दंडनायक देवपैय. हे नाव कुठल्या पटात नाही, सीहपैयाच्या साच्यावर बेतलेलं आहे. बायकोसाठी यादव राजा दुसऱ्या भिल्लमाच्या राणीचं नाव समोर होतं, लच्छियव्वा, म्हणजे लक्ष्मीच. त्याच ‘अव्वा’वर आम्ही नागियव्वा केलं. मुलाचं नाव मात्र संस्कृत, नागार्जुन, कारण पुढची पिढी संस्कृतकडे झुकायला लागली होती आणि छित्तराजाच्या भावाचं नावही तेच. घोडा धरणारा चांगा. पाणी आणणारी लिंबी.

तिला ‘लिंबी’ पटेना. म्हणाली, लिंबू आठवतं. मी म्हटलं, निंब आठव, कडुनिंब. मग तिने वाक्य दुरुस्त करून वाचलं: ‘देवपैय उतरला. चांग्याने लगाम धरला. लिंबी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, पण त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.’ मग पेन थांबवून विचारलं, ‘तांब्या चालेल ना?’