बादलीचा पिवळेपणा आणि एक मेणबत्ती

खाण्याचा सोडा घ्या, त्यावर व्हिनेगर ओता, फसफसून फेस आला की तो बादलीला चोळा आणि चमत्कार बघा, असे व्हिडिओ सतत फिरत असतात. फेस दिसायला छान दिसतो. पण बोअरच्या पाण्याने पिवळी पडलेली बादली त्याने फारशी स्वच्छ होत नाही. आम्ल आणि सोडा एकत्र आले की एकमेकांना संपवतात. कार्बन डायऑक्साइड हवेत उडून जातो आणि मागे सोडियम ॲसिटेट नावाच्या क्षाराचं पाणी उरतं. त्या पाण्याला ना डाग विरघळवता येतो, ना तेलकटपणा काढता येतो. गंमत अशी की बादलीला आम्लही लागतं आणि सोडाही लागतो, पण एकापाठोपाठ एक. शिवाय तो सोडा खाण्याचा असून चालत नाही. हे का, ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी तो पिवळा थर म्हणजे काय ते पाहू. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. असं पाणी खडकाच्या भेगांमधून दीर्घकाळ वाहत राहिलं की त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरतं. आपल्याकडच्या काळ्या कातळात खोल गेलेल्या अनेक बोअरचं पाणी म्हणूनच दुष्फेन किंवा कठीण असतं, म्हणजे त्यात साबणाला सहज फेस येत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. हा आकडा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मोजतात.

समजा तुमच्या बोअरचं पाणी 400 चं आहे. 20 लिटरच्या भरलेल्या बादलीत मग 8 ग्रॅम कठीणपणा झाला. साबण म्हणजे स्टिअरिक, पामिटिक, ओलेइक अशा मेदाम्लांचे सोडियम क्षार. कॅल्शियम भेटला की मेदाम्ल सोडियमला सोडून त्याला धरतं, आणि हा नवा कॅल्शियमचा क्षार पाण्यात विरघळत नाही. रेणूंच्या वजनांवरून हिशेब केला तर एक ग्रॅम कठीणपणा साधारण सहा ग्रॅम साबण निकामी करतो. म्हणजे त्या एका बादलीतल्या पाण्यात जवळजवळ 50 ग्रॅम साबण वाया घालवायची ताकद आहे, आणि एका आंघोळीला आपण वापरतो जेमतेम काही ग्रॅम. अंगावर थोडक्या पाण्यात साबण दाट असतो तोवर फेस टिकतो. वरून पाणी ओतलं की त्यातला बहुतेक साबण चिकट साका बनतो. तो थोडा गटारात जातो, थोडा फरशीवर बसतो आणि उरलेला बादलीला आणि मगाला धरतो.

प्लास्टिकलाच तो इतका घट्ट का धरतो? बादल्या आणि मग बहुधा पॉलिप्रोपिलीनचे किंवा पॉलिथिलीनचे असतात. दोन्ही म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या लांबलचक साखळ्या. मेदाम्लाची शेपटीही तशीच कार्बन-हायड्रोजनची. पाण्याला दोघंही नकोशी, त्यामुळे ती एकमेकांना चिकटतात. त्यातून बादली तारेच्या घासणीने घासलेली असेल तर बारीक ओरखडे पडतात आणि साका त्यांत जाऊन बसतो. सुरुवातीला हा थर पांढुरका असतो. पुढे त्यातल्या ओलेइक आम्लासारख्या असंतृप्त मेदाम्लांचं हवेतल्या ऑक्सिजनने ऑक्सिडेशन होतं, अंगावरचा तेलकटपणा आणि मळ त्यात मिसळतो, पाण्यात लोह असेल तर गंजाची छटा येते, आणि रंग पिवळट-तपकिरी होतो. गीझरच्या पाण्याची बादली जास्त लवकर खराब होते, कारण तापल्यावर पाण्यातले बायकार्बोनेट फुटून कॅल्शियम कार्बोनेटचे कण बाहेर पडतात आणि साक्यात अडकतात.

थोडक्यात, थर दोन प्रकारचा आहे. एक खडूसारखा दगडी, दुसरा साबणाचा मेणचट, आणि दोघं एकमेकांत गुंतलेले. पहिल्यावर आम्ल चालतं, हे शाळेत खडूवर लिंबू पिळणाऱ्या कुणालाही माहीत असतं. खरा प्रश्न दुसऱ्याचा आहे, आणि मला सगळ्यात रस वाटतो तो इथेच.

कॅल्शियमच्या साबणावर आम्ल टाकलं की आम्लातला हायड्रोजन कॅल्शियमची जागा घेतो. कॅल्शियम पाण्यात निघून जातो आणि मागे उरतं निव्वळ मेदाम्ल. थर मऊ पडतो, पण जात नाही, कारण स्टिअरिक आम्लही पाण्यात विरघळत नाही. ते शुद्ध असेल तर 69 अंशांना वितळणारं पांढरं मेण असतं. एकोणिसाव्या शतकात चांगल्या मेणबत्त्या याचपासून बनत. साबणाचं रसायन पहिल्यांदा नीट उलगडणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी गे-ल्यूसॅक यांच्याबरोबर 1825 मध्ये मेदाम्लांच्या मेणबत्त्यांचं पेटंट घेतलं. त्या काळच्या चरबीच्या मेणबत्त्या धूर करत आणि वास मारत, या तशा नव्हत्या. पुढे कारखान्यांत पद्धत रुळली ती अशी: चरबी चुन्याबरोबर शिजवायची म्हणजे कॅल्शियमचा साबण तयार होतो, मग त्यावर गंधकाम्ल घालायचं म्हणजे कॅल्शियम सुटतो आणि मेदाम्ल वर तरंगतं. बादलीवर नुसतं व्हिनेगर किंवा लिंबू चोळणारा माणूस नेमकी हीच दुसरी पायरी करतो. मेणबत्तीचा कच्चा माल तयार होतो आणि बादलीला चिकटून राहतो. हात फिरवला की ती आधीपेक्षा जास्त बुळबुळीत लागते आणि वाटतं की उपाय फसला. उपाय फसलेला नसतो, अर्धा झालेला असतो.

उरलेलं अर्धं काम अल्कलीचं. मेदाम्लाला पुरेसा अल्कधर्मी द्राव भेटला तर त्याचा पुन्हा सोडियमचा साबण होतो आणि तो पाण्याबरोबर निघून जातो. इथे सामू, म्हणजे पीएच, महत्त्वाचा. मेदाम्लाचा थर साबणात बदलायला सामू नऊ-दहाच्या वर लागतो. खाण्याच्या सोड्याच्या द्रावाचा सामू आठच्या थोडा वर असतो, म्हणून तो वेगळा वापरला तरी कमी पडतो. धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, अकराच्या आसपास नेतो. पाण्यातला कॅल्शियमही तो आधीच खडूच्या रूपात खाली बसवतो, त्यामुळे नव्याने बनलेल्या साबणाचा लगेच पुन्हा साका होत नाही. बोअरच्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकल्यावर पाणी दुधाळ होतं ते यामुळेच.

मग आधी सोडा आणि नंतर आम्ल असं केलं तर? ते तितकं साधत नाही. सोडा कॅल्शियमच्या साबणावर काम करतो, पण सावकाश, आणि मोकळा झालेला कॅल्शियम तिथल्या तिथे खडू होऊन बसतो. कॅल्शियम आधी धुऊन काढून टाकणं सोपं.

आता प्रत्यक्ष कृती. किराणा दुकानात सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, सुटं मिळतं. त्याचे साधारण 30 ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, एक लिटर कोमट पाण्यात विरघळवा. व्हिनेगरही चालेल, पण लिंबूसत्त्वाला वास नाही, आणि त्याचा सायट्रेट कॅल्शियमला आणि गंजातल्या लोहाला धरून पाण्यात ओढतो. बादलीभर द्राव करायची गरज नाही. जुनी सुती फडकी त्यात भिजवून बादलीच्या आतल्या बाजूला चिकटवा, आंघोळीचा मग उरलेल्या द्रावात बुडवून ठेवा आणि अर्धा तास थांबा. फडकी सुकायला लागली तर पुन्हा भिजवा. मधूनमधून बारीक बुडबुडे दिसले तर तिथे दगडी थर आहे. नंतर भरपूर पाण्याने विसळा, म्हणजे पुढचा सोडा आम्ल मारण्यात खर्च होणार नाही.

दुसऱ्या फेरीला एक लिटर कडकडीत नाही पण हाताला चांगल्या गरम लागणाऱ्या पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आणि एक छोटा चमचा भांडी घासायचं लिक्विड घाला. मेदाम्लांचं मिश्रण शुद्ध स्टिअरिकपेक्षा कमी तापमानाला मऊ होतं, म्हणून गरम पाणी हवं. उकळतं मात्र नको, पॉलिथिलीनची बादली त्याने नरम पडून वाकडी होते. हातमोजे घाला, पंधरा मिनिटं थांबा आणि काथ्याने किंवा मऊ घासणीने घासा. पाणी फेसाळ, गढूळ आणि पिवळट होईल. तो तुमचाच जुना साबण. लगेच विसळून पुसून घ्या. थर फार जुना असेल तर दोन्ही फेऱ्या पुन्हा कराव्या लागतात, कारण आम्ल प्रत्येक वेळी वरचाच पापुद्रा मोकळा करतं.

संडास साफ करायचं तीव्र ॲसिड वापरू नका. काम होईल, पण वाफ छातीत जाते आणि बादलीची लोखंडी कडी गंजते. ब्लीचचा तर इथे उपयोगच नाही. ते साका विरघळवत नाही, आणि आम्लाच्या संपर्कात आलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. तुरटी पाण्यातला गाळ खाली बसवते, कठीणपणा घालवत नाही. पाइपला बांधायच्या चुंबकांनीही पाण्यातला कॅल्शियम कमी होत नाही. तो आहे तितकाच राहतो आणि साबणाला भेटतो.

न्हाणीघरात निळी बादली कायम भरून ठेवली की घरात लक्ष्मी नांदते, असं वास्तूच्या नावाखाली सांगितलं जातं. त्याला कसलाच आधार नाही, आणि बादलीचं नुकसान मात्र नक्की होतं. साठलेल्या पाण्याच्या काठावर बाष्पीभवन सतत चालू असतं. पाणी उडतं आणि क्षार तिथेच मागे राहतात, म्हणून भरून ठेवलेल्या बादलीला गळ्याशी वळं पडतं. आंघोळ झाली की बादली आणि मग दोन्ही विसळून उपडे घाला. ज्या बॉडी वॉशमध्ये खरा साबण नसतो, त्याचा असा साका बनत नाही.

घासायला बसण्यापूर्वी एक तपासणी जरूर करा. पिवळा भाग ओला करा. थर असेल तर ओला असताना जवळजवळ दिसेनासा होतो, कारण त्यातल्या बारीक हवेच्या फटी पाण्याने भरतात. वाळला की परत उठून दिसतो, आणि नखाने खरवडला की नखात येतो. पिवळेपणा ओला-कोरडा सारखाच दिसत असेल, नखात काही येत नसेल, आणि बादली गच्चीत उन्हात राहिलेली असेल, तर रंग प्लास्टिकचाच बदललेला आहे. तिथे लिंबूसत्त्व आणि सोडा कितीही वापरले तरी फरक पडणार नाही. अशा बादलीची कड दाबून पाहा. ती कडकडत असेल किंवा तिला बारीक भेगा असतील, तर गरम पाणी भरून ती उचलू नका, कडीपाशी फाटू शकते.