'ऑटिस्टिक' म्हणायचं की 'ऑटिझम असलेली व्यक्ती'?

या दोन्हीतलं एक बरोबर आणि दुसरं चूक, असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि गंमत म्हणजे कुठलं चूक ते कोणाला विचारता त्यावर ठरतं. डॉक्टर, थेरपिस्ट मंडळी शिकवतात की 'ऑटिझम असलेली व्यक्ती' म्हणा, माणूस आधी आजार नंतर, आणि मग एखादा ऑटिस्टिक माणूस तेच ऐकून वैतागतो. 'ऑटिझम असलेली व्यक्ती' या प्रकाराला पर्सन-फर्स्ट म्हणतात आणि 'ऑटिस्टिक' या प्रकाराला आयडेंटिटी-फर्स्ट. मराठीत 'व्यक्ती' हा शब्द दोन्हीकडे शेवटीच येतो, त्यामुळे आधी-नंतर वगैरे विसरा, खरा फरक 'तिला ते आहे' आणि 'ती तशी आहे' यातला आहे.

पर्सन-फर्स्टचा आग्रह आला तो लेबल लागलेल्या माणसांकडूनच, हे आज फारसं कोणाच्या लक्षात नसतं. १९७४ मध्ये अमेरिकेत ओरेगन राज्यात बौद्धिक अपंगत्व असलेल्या काही जणांनी स्वतःची संघटना काढली, त्यांना आयुष्यभर ज्या शब्दाने हाक मारली गेली तो शिवीसारखाच होता, आणि नाव ठरवताना मुद्दा आला की आम्ही आधी माणसं आहोत, म्हणून नाव पडलं पीपल फर्स्ट. मग १९८३ मध्ये डेनव्हरला एड्स झालेल्या लोकांनी जाहीरनामा काढला की आम्हाला 'बळी' म्हणू नका, आम्ही एड्स असलेली माणसं आहोत. तेव्हा या आजाराचं नाव घेतलं की समोरच्याला माणूस दिसायचाच बंद व्हायचा, त्यामुळे ही मागणी अगदी जिवाची होती.

आणि शब्दाने फरक पडतो का, तर पडतो. २०१० मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या ५०० हून जास्त तज्ज्ञांना एका पेशंटची माहिती वाचायला दिली, सगळं सेम, फक्त काहींच्या कागदावर त्याला 'नशेबाज' छापाचा शब्द होता आणि बाकीच्यांच्या कागदावर 'व्यसनाचा आजार असलेली व्यक्ती'. पहिला शब्द वाचलेल्यांना तो माणूस स्वतःच जास्त दोषी वाटला आणि त्याच्यावर शिक्षेसारखी कारवाई करावी याकडेही त्यांचा कल जास्त होता. हे रस्त्यावरचे लोक नव्हते हो, ज्यांचं रोजचं काम हेच आहे ते होते. व्यसन, स्किझोफ्रेनिया, डायबेटिस अशा बाबतीत तज्ज्ञांच्या संस्था 'असलेली व्यक्ती' हेच सुचवतात ते यामुळे.

मग दुसरी बाजू आली कुठून? बहिऱ्या आणि अंध लोकांच्या चळवळीतून, आणि नंतर ऑटिस्टिक लोकांकडून. अमेरिकेतल्या अंधांच्या राष्ट्रीय महासंघाने १९९३ मध्ये ठरावच केला की हे लांबलचक वळसे आम्हाला नकोत, आम्हाला सरळ अंध म्हणा, कारण एवढा वळसा घालायचा म्हणजे अंध असण्यात काहीतरी लाजिरवाणं आहे असंच सुचवायचं. १९९९ मध्ये जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक कार्यकर्त्यांनी हाच मुद्दा आणखी पुढे नेला, की ऑटिझम माझ्यापासून वेगळा काढता येत नाही, माझं ऐकणं, बघणं, विचार करणं सगळं त्यातूनच होतं, आणि तुम्ही तो वेगळा काढता कारण तुम्हाला तो वाईट वाटतो. साधं बघा, आपण 'डावखुरा बॅट्समन' म्हणतो, 'डावखुरेपणा असलेला बॅट्समन' कोणी म्हणेल का? जे आपल्याला खटकत नाही ते आपण माणसाला सरळ चिकटवतो, खटकतं तेच चिमट्याने धरतो. २०१७ मध्ये मॉर्टन अॅन गर्न्सबाखर या मानसशास्त्रज्ञांनी शास्त्रीय लेखन तपासलं तर तेच निघालं, अपंगत्व नसलेल्या मुलांबद्दल लिहिताना पर्सन-फर्स्ट रचना फारशी दिसत नाही आणि ज्या अपंगत्वाला कलंक जास्त तिथे ती सगळ्यात जास्त दिसते. म्हणजे कलंक पुसायला आणलेली रचनाच कलंकाची खूण होऊन बसू शकते.

तर एका बाजूची तक्रार अशी की लेबलने माणूस गिळला, आणि दुसरीची अशी की माणसाचा भाग असलेली गोष्ट रोगासारखी बाजूला काढली. दोन वेगळ्या दुखण्यांवरची ही दोन औषधं आहेत, म्हणून एकाने दुसऱ्याची जागा घेतली असं झालंच नाही.

आता बहुमत बघून ठरवू म्हटलं तर तिथेही मजा आहे. २०१६ मध्ये ब्रिटनमधला मोठा सर्व्हे प्रसिद्ध झाला, त्यात साधारण ६१ टक्के ऑटिस्टिक प्रौढांनी 'ऑटिस्टिक' या शब्दाला पसंती दिली, उलट व्यावसायिकांमध्ये जवळपास निम्म्यांना 'ऑटिझम असलेली व्यक्ती' बरं वाटत होतं. म्हणजे शब्द शिकवणारे एकीकडे आणि ज्यांच्याबद्दल शिकवतात ते दुसरीकडे. पण मग नेदरलँड्समध्ये डच बोलणाऱ्यांना विचारलं, तो अभ्यास २०२३ चा, तर दोन तृतीयांशाहून जास्त ऑटिस्टिक प्रौढांनी पर्सन-फर्स्ट निवडलं. त्यामुळे इंग्रजीतला कौल उचलून दुसऱ्या भाषेत जसाच्या तसा चिकटवणं मला तरी घाईचं वाटतं.

समजा एका कार्यक्रमात ऑटिझमवर बोलायला एक तरुणी येणार आहे आणि तिची ओळख तुम्हाला लिहायचीय. तिची आई फोनवर म्हणते 'माझ्या मुलीला ऑटिझम आहे', ती मुलगी स्वतःच्या प्रोफाइलवर लिहिते 'मी ऑटिस्टिक आहे'. इथे मुलीचा शब्द घ्यायचा, ती प्रौढ आहे आणि ओळख तिची आहे. आईला तिच्या बोलण्यात दुरुस्त करायला जाऊ नका, फक्त तुमच्या मजकुरात मुलीचा शब्द ठेवा. प्रोफाइल वगैरे काहीच सापडलं नाही तर एक मेसेज टाकायचा, 'ओळखीत तुमच्याबद्दल काय लिहू, तुम्ही कुठला शब्द वापरता?', एवढंच, त्याआधी आपल्या भीतीबद्दल परिच्छेद नको. आणि तीच तरुणी उद्या अकाउंटिंगवर बोलणार असेल तर ऑटिझमचा उल्लेखच कशाला? हॉलमध्ये लाइट मंद हवेत असं तिने कळवलं असेल तर व्यवस्था बघणाऱ्याला 'लाइट मंद ठेवा' सांगितलं की काम झालं.

विचारता येत नसेल, म्हणजे एखाद्या मोठ्या गटाबद्दल लिहिताय, तर त्या लोकांनी स्वतः चालवलेल्या संस्था काय म्हणतात ते बघा, पालकांच्या किंवा डॉक्टरांच्या संस्था नव्हे. तिथेही एकमत दिसलं नाही तर दोन्ही प्रकार आलटून पालटून वापरले तरी चालतं, अपंगत्वाबद्दल लिहिणारे बरेच अभ्यासक तसंच करतात. अनोळखी माणसाच्या आजाराबद्दल, विशेषतः मानसिक आजार किंवा व्यसनाबद्दल लिहिताना मी 'असलेली व्यक्ती' पासून सुरुवात करेन, आणि समोरचा स्वतःला वेगळं काही म्हणत असेल तर तिथल्या तिथे त्याच्या शब्दावर यायचं.

'ग्रस्त', 'पीडित', 'व्हीलचेअरला खिळलेला' हे मात्र दोन्ही बाजूंना नकोसे आहेत, कारण त्यात तो माणूस दुःखात आहे हे आपणच परस्पर ठरवून टाकतो. तसंच विशेषणाचं नाम करू नका. 'ऑटिस्टिक मुलगी' अनेकांना आवडतं, पण वॉर्डात 'तो सात नंबरचा स्किझोफ्रेनिक' म्हटलं की माणूसच गायब, आणि तिथे आयडेंटिटी-फर्स्टवालेसुद्धा तुमच्या बाजूने उभे राहणार नाहीत.