गुळाचं सिरप का आंबतं, आणि दूध का फाटतं

लाटे या दुधाळ कॉफीत घालायचं सिरप म्हणजे शेवटी पाकच. फरक एवढाच, की जिलबीचा पाक त्याच दिवशी संपतो आणि हा पाक बाटलीत आठवडेच्या आठवडे राहायचा असतो. म्हणून इथे गोडीपेक्षा पाण्याचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. विरघळलेली साखर आपल्याभोवती पाणी धरून ठेवते आणि ते धरलेलं पाणी बुरशीला किंवा यीस्टला वापरता येत नाही. मोकळं राहिलेल्या पाण्यावर मात्र ती वाढतात.

साखर आणि पाणी समान वजनाने घेतलं, तर निम्मं सिरप पाणीच असतं आणि त्यातलं बरंचसं मोकळं. असं सिरप फ्रिजबाहेर दोन-चार दिवसांतच बिघडू लागतं. पाण्याच्या दुप्पट साखर घेतली की साखरेचं प्रमाण ६६ टक्क्यांच्या आसपास जातं. त्यात बहुतेक जिवाणू वाढत नाहीत. साखर सोसणारे काही यीस्ट आणि बुरशी मात्र तिथेही तग धरतात, म्हणून फ्रिज टळत नाही. याहून घट्ट करण्यात फायदा नाही. गार झाल्यावर जादा साखर खडे धरून तळाशी बसते आणि वरचा पाक उलट पातळ होतो.

व्हॅनिलाचं सिरप यात सगळ्यात सरळ. २०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम पाणी, साखर विरघळून एक उकळी, आणि गॅस बंद. कोमट झाल्यावर दोन छोटे चमचे व्हॅनिला अर्क. उकळत्या पाकात अर्क घातला तर वास स्वयंपाकघरात दरवळतो, पण बाटलीत उरत नाही. अख्खी शेंग वापरायची असेल तर चिरून घाला आणि दोन दिवसांनी काढून टाका. पाकाबाहेर डोकावणाऱ्या शेंगेच्या ओल्या टोकावरच बुरशीचा पहिला पांढरा ठिपका उमटतो.

कॅरॅमलसाठी २०० ग्रॅम साखरेत ५० ग्रॅम पाणी घालून जाड बुडाच्या भांड्यात मध्यम आचेवर ठेवा आणि उकळी आल्यावर ढवळू नका. कडेला उडालेला साखरेचा एक कण आत पडला तरी सगळा पाक रवाळ होऊ शकतो, म्हणून भांड्याची कड ओल्या ब्रशने पुसून घ्या. १७० अंशांच्या सुमारास रंग गडद मधासारखा होतो. तिथे गॅस बंद करा, कारण पुढच्या अर्ध्या मिनिटात तो कडू होतो. आता सुमारे ११० ग्रॅम कडकडीत गरम पाणी तीन-चार वेळा मिळून घाला. गार पाणी घालू नका. ते एकदम फसफसून उसळतं, आणि साखरेचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा खोल जातो, कारण ती कातडीला चिकटून बसते. शेवटी सिरपचं वजन ३०० ग्रॅमच्या आसपास यावं. साय किंवा लोणी घातलेलं कॅरॅमल हा वेगळा पदार्थ आहे. तो फ्रिजमध्येही आठवडाभरात संपवावा.

खरी कसोटी गुळाची. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पाकाच्या दृष्टीने गूळ म्हणजे नुसती साखर नव्हे. त्यात फळशर्करा आणि द्राक्षशर्करा असतात, क्षार असतात, आम्लं असतात, चिपाडाचे बारीक तंतू असतात, आणि ओल असते. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं. मग ३०० ग्रॅम गुळात नेमका गूळ किती आणि पाणी किती, हे काट्यावर कळत नाही. सिरप आंबण्याचं मूळ बहुधा इथेच असतं. माप बरोबर घेऊनही पाक पातळ राहतो.

यावर चांगला उपाय म्हणजे थर्मामीटर. पाकात साखर जितकी जास्त, तितका तो वरच्या तापमानाला उकळतो. ६५ टक्क्यांच्या वरचा पाक साध्या पाण्यापेक्षा सुमारे ४ अंश वर उकळतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, म्हणून इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे पुस्तकातले १०४ अंश इथे १०२ होतात. इथे १०४ पर्यंत आटवलेल्या साखरेच्या पाकात दोन दिवसांनी तळाशी खडे दिसतील. कॅरॅमलच्या १७० अंशांना मात्र ही वजाबाकी लावायची नाही, कारण तिथे पाणी उडून गेलेलं असतं आणि साखरच तापत असते.

३०० ग्रॅम गूळ किसून १५० ग्रॅम पाण्यात मंद आचेवर विरघळवा. उकळी येऊ द्या, वरची करडी मळी काढा आणि मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळा. तळाशी वाळू दिसली तर तेवढा पाक मागेच ठेवा. गाळलेला पाक परत उकळायला ठेवून १०२ अंशांवर उतरवा. कोरड्या गुळाचं सिरप या वेळी साधारण ४२५ ग्रॅम भरतं. वजन बरंच कमी भरलं तर गूळ ओला होता असं समजा.

आता दूध फाटण्याची गोष्ट. दुधातलं केसीन हे प्रथिन आम्ल वाढलं की गोळा होतं, आणि दूध जितकं गरम तितकं त्याला कमी आम्ल पुरतं. गुऱ्हाळात रसाचा आंबटपणा मारायला चुना घालतात. तो किती मारला गेला हे दर आदणाला बदलतं, आणि जुन्या, ओल धरलेल्या गुळात आंबटपणा पुन्हा वाढतो. त्यात कॉफी स्वतःच आम्लधर्मी. म्हणून गुळाचा रंग पाहून ठरवू नका, वाटीत पाहा. दोन मोठे चमचे दूध वाफ येईपर्यंत तापवा, त्यात छोटा चमचाभर सिरप आणि तेवढीच कॉफी घाला, दोन मिनिटं थांबा आणि चमचा बुडवून त्याची पाठ पाहा. गुळगुळीत पापुद्रा दिसला तर ठीक. रव्यासारखे कण दिसले तर तो गूळ लाटेसाठी नाही, पुरणपोळीसाठी ठेवा.

कपात आधी १५ ते २० मिली सिरप आणि कॉफी एकत्र करा. वर ६० ते ६५ अंशांचं १५० मिली दूध ओता आणि त्यानंतर कप पुन्हा तापवू नका. दूध ताजंच हवं. सकाळपासून ओट्यावर राहिलेल्या दुधाचा आंबटपणा जिभेला कळत नाही, पण गूळ पडला की दिसतो. चिमूटभर खाण्याचा सोडा दूध वाचवतो, पण तो बाटलीत घालू नका. आम्ल हेही बिघाडाविरुद्धचं एक कुंपण आहे. शिवाय सोड्याने चव साबणासारखी होते.

काचेची बाटली दहा मिनिटं पाण्यात उकळून पूर्ण कोरडी करा. आत राहिलेलं चमचाभर पाणीही हिशेब बिघडवतं. व्हॅनिलाचा अर्क घातलेलं सिरप सोडून बाकीची सिरपं गरम असतानाच गळ्यापर्यंत भरा. अर्धी रिकामी बाटली गार होताना आत वाफेचे थेंब जमतात आणि ओघळून पाकावर पाण्याचा पातळ थर धरतात. तळाचा पाक घट्ट असूनही बुरशी वर धरते ती यामुळेच. म्हणून गार झालेली बाटली एकदा हलवून मग फ्रिजमध्ये ठेवा, आणि ओला चमचा कधीच घालू नका, ओतूनच घ्या. या प्रमाणातली व्हॅनिला आणि कॅरॅमलची सिरपं महिनाभर, गुळाचं तीन आठवडे, असा हिशेब ठेवा आणि बाटलीवर तारीख लिहा.

झाकण उघडताना फुस्स आवाज आला, कडेला बुडबुड्यांची साखळी दिसली किंवा ताडीसारखा वास आला, तर आत यीस्ट वाढलेलं आहे. उकळून ते सिरप वाचवू नका, टाकून द्या. बुरशीचा ठिपका काढून खालचं वापरणंही चालणार नाही. आणि बाटली धुताना झाकणातली रबरी चकती काढून उकळा किंवा बदला. तिच्या फटीत उरलेलं यीस्ट पुढच्या बाटलीत आठवड्याच्या आत जागं होतं.