रिकाम्या गाडीचा पाटा का तुटला?

आडगाव नाक्याजवळच्या एका गॅरेजात मी माझ्या गाडीसाठी थांबलो होतो. शेजारी एक पिकअप जॅकवर चढवलेली, मागच्या उजव्या कमानीचा, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगचा, मेन पाटा दोन तुकडे होऊन खाली पडलेला. ड्रायव्हर वैतागला होता. "मामा, वाशीला कांदा टाकून रिकामा येत होतो. चांदोरीच्या अलीकडे एवढासा खड्डा. भरल्या गाडीनं कसारा घाट शेकडो वेळा केला, तेव्हा काही नाही, अन् रिकाम्यात तुटला?"

मेस्त्रीमामांनी "पाटाच डुप्लिकेट असंल" म्हणून विषय मिटवला. माझं पोट स्प्रिंगच्या चाचण्यांवर चालतं, त्यामुळे मी तुकडा उचलून पाहिला. तुटल्या जागेचे दोन भाग स्पष्ट दिसत होते. मधल्या बोल्टच्या भोकाजवळून सुरू झालेला मोठा भाग गुळगुळीत, काळपट, गंजाची छटा असलेला, आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषा. उरलेला छोटा भाग चमकदार आणि रवाळ. पाटा त्या खड्ड्यात तुटला होता तो फक्त चमकदार भागापुरता. बाकीचा कित्येक दिवस हळूहळू चिरत आला होता. पाट्याची शिल्लक संपत आली होती, खड्ड्यानं शेवटचे दोन रुपये काढले.

या शिल्लकेचा हिशेब मांडता येतो. एकाच जोराचा हिसका पोलादाला पुन्हा पुन्हा दिला तर ते किती हिसक्यांनी तुटेल, हे प्रयोगशाळेत मोजतात. रेल्वेच्या आसांवर असे प्रयोग जर्मनीत वोलरने एकोणिसाव्या शतकातच केले होते. पण रस्ता काही एकाच जोराचे हिसके देत नाही. लहान, मोठे, मधले सगळे मिसळून येतात. त्यांची बेरीज कशी करायची? 1924 मध्ये स्वीडनच्या पामग्रेनने बॉल बेअरिंगसाठी आणि 1945 मध्ये अमेरिकेत विमानाच्या पत्र्यांवर काम करणाऱ्या मायनरने अगदी साधी वाट काढली. एखाद्या जोराच्या एक लाख हिसक्यांनी पाटा तुटत असेल, तर त्यातला एक हिसका आयुष्याचा एक लाखावा भाग खातो. असे सगळे तुकडे बेरजेला घ्यायचे. बेरीज 1 झाली की पाटा गेला.

Σ(n/N) = 1

इथे n म्हणजे त्या जोराचे प्रत्यक्ष बसलेले हिसके आणि N म्हणजे तेवढ्याच जोराचे, तुटेपर्यंत सोसता येणारे हिसके.

ड्रायव्हरच्या गाडीवर हे लावू. आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी गोल घेतलेत, खऱ्या पाट्याचे चाचणीतूनच काढावे लागतात. समजा निफाडहून वाशीच्या एका भरल्या फेरीत पाट्याला 200 मेगापास्कल ताणाचे 1600 लहान हिसके बसतात, 300 चे 120 मधले आणि 400 चे 20 मोठे. लहान हिसके पाटा 32 लाख सोसतो, मधले 4 लाख, मोठे फक्त 1 लाख. म्हणजे लहान हिसके मिळून आयुष्याचा 0.0005 भाग खातात, मधले 0.0003, मोठे 0.0002. बेरीज 0.001, म्हणून पाटा हजार फेऱ्यांचा. रिकाम्या परतीचे हिसके इतके हलके की इथे सोडून दिले.

यात एक गोष्ट मला नेहमी गंमतशीर वाटते. एकूण 1740 हिसक्यांपैकी मोठे फक्त 20, पण नुकसानीचा पाचवा हिस्सा त्यांचा. तेवढे 20 खड्डे कुणी बुजवले तर पाटा हजाराऐवजी साडेबाराशे फेऱ्या जाईल.

आता हंगाम. फेब्रुवारी ते मे द्राक्ष आणि उन्हाळ कांद्याची धावपळ, गाडीत सव्वापट माल. ताणही साधारण सव्वापट धरू. ताण दुप्पट झाला की आयुष्य 32 पट घटतं, हे वरच्या आकड्यांतच दिसतं, म्हणजे पाचवा घात. सव्वाचा पाचवा घात जवळजवळ 3. म्हणून 25 टक्के जास्त माल भरलेली एक फेरी तीन साध्या फेऱ्यांइतका पाटा खाते. वर्षात 300 फेऱ्या, त्यातल्या 100 हंगामातल्या. त्या 100 नी 0.3 खाल्लं, उरलेल्या 200 नी 0.2. वर्षाला 0.5, म्हणजे दोन वर्षांत खातं संपलं. जास्तीचा माल भरला नसता तर तीन वर्षं चार महिने चाललं असतं. जादा भाड्याच्या हिशेबात ही वजाबाकी कुणी धरत नाही.

हिसके मोजणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. पाट्यावर ताण मोजणारी पट्टी चिकटवून गाडी पळवली की वेडावाकडा आलेख मिळतो. एका मोठ्या दणक्यावर चार बारीक थरथरी स्वार झालेल्या असतात. प्रत्येक चढउतार सुटा मोजला तर मोठा दणका तुकड्यांत हरवतो, आणि नुकसान तर त्याचंच जास्त. 1968 मध्ये जपानच्या मात्सुइशी आणि एंडो यांनी युक्ती काढली. आलेख उभा धरायचा, पॅगोडाच्या उतरत्या छपरांसारखा, आणि त्यावरून पावसाचं पाणी कसं ओघळेल ते पाहायचं. जिथे धार तुटते तिथे हिसक्याचा अर्धा फेरा संपतो. म्हणून पद्धतीचं नाव 'रेनफ्लो'.

मायनरच्या नियमाला क्रम कळत नाही. आधी हंगाम आणि मग साध्या फेऱ्या, की उलट, त्याला सारखंच. पाट्याला सारखं नसतं. आधी मोठे दणके बसले तर चीर लवकर उघडते, आणि मग एरवी बिनविषारी असलेले लहान हिसकेही तिला वाढवतात. तेव्हा बेरीज 1 व्हायच्या आतच पाटा तुटतो. कधी उलटंही होतं. आधीच असलेल्या चिरेच्या टोकाला एक जबर दणका बसला तर तिथलं पोलाद दाबलं जाऊन चीर काही काळ मंदावते. भर पावसात गंज लागला तर 'इतक्या हलक्या हिसक्याने काही होत नाही' ही सीमाही राहत नाही. शिवाय N हा आकडा बहुतेक वेळा मधला असतो, म्हणजे निम्मे नमुने त्याच्या आधीच तुटलेले असतात. त्यामुळे चाचणीत बेरीज कधी 0.6 ला संपते, कधी दीडच्याही पुढे जाते. आम्ही 1 ची वाट पाहत नाही. तुटल्यावर जीवावर बेतेल असा भाग असेल, तर 0.3 किंवा 0.5 झालं की बदला म्हणून सांगतो.

ड्रायव्हरला मी एवढं सगळं काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, "भाऊ, डावीकडची कमान कधी बसवली?"

"दोन्ही एकाच दिवशी."

म्हणजे तिच्याही तेवढ्याच फेऱ्या झालेल्या. नुसत्या डोळ्यांना 0.1 झालेला पाटा आणि 0.8 झालेला पाटा सारखाच दिसतो. मामांनी डाव्या बाजूचा बोल्ट सोडला, मेन पाटा बाहेर काढला, रॉकेलच्या फडक्याने भोकाभोवतीचं ग्रीस पुसलं आणि लॅम्प तिरका धरला. भोकाच्या कडेपासून एक केसाएवढी रेघ निघाली होती. पाटा वाकवून धरला तशी तिच्यातून तांबूस ओल वर आली. मामांनी पोराला हाक मारली, "अजून एक मेन पाटा आण रे."