शेलमधला गॅस नुसतं भोक पाडून वर का येत नाही?

शेल म्हणजे मुळात चिखल. समुद्राच्या तळाशी, जिथे ऑक्सिजन जवळपास नाहीच अशा पाण्यात, बारीक गाळासोबत मेलेलं शेवाळ आणि प्लँक्टन साचत गेलं, नीट कुजलंच नाही, वर थरावर थर चढले, आणि काही किलोमीटर खाली गेल्यावर तिथल्या उष्णतेने त्या जैविक मालाचं आधी तेल आणि अजून तापल्यावर गॅस झाला. म्हणून याला स्रोत खडक म्हणतात. त्यातला थोडा गॅस लाखो वर्षांत वर झिरपून वालुकाश्मात अडकला आणि आपण इतकी वर्षं तोच काढत आलो. पण बराचसा जन्मला तिथेच राहिला.

का राहिला? वालुकाश्माच्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकला तर बरेचदा आत शोषला जातो, शेलवर तो बराच वेळ तसाच बसून राहतो. मातीचे चपटे कण एकमेकांवर इतके घट्ट दाबले गेलेत की मधली छिद्रं नॅनोमीटरमध्ये मोजावी लागतात, शिवाय काही गॅस तर जैविक मालाच्या पृष्ठभागाला चिकटून असतो. चांगल्या वालुकाश्मापेक्षा यातून गॅस वाहणं सहज दहा लाख पट अवघड.

आता हिशोब करून बघा. 100 मीटर जाड शेलमध्ये 20 सेंटीमीटर रुंद उभी विहीर खणली तर ती खडकाला टेकते फक्त 63 चौरस मीटर. पण त्याच शेलमध्ये 200 मीटर लांब आणि 50 मीटर उंच अशी एकच भेग पाडली तर तिच्या दोन्ही बाजू मिळून 20,000 चौरस मीटर होतात, म्हणजे तीनशे पटीहून जास्त! गॅसला तेवढंच कमी अंतर सरपटावं लागतं. फ्रॅकिंगचं सगळं गणित हेच, खडक काही बदलत नाही, वाट जवळ आणायची. प्रचंड प्रेशरने पाणी सोडून खडक फोडायचा आणि सोबत वाळू ढकलायची, नाहीतर पंप थांबला की आजूबाजूच्या दाबाने भेग परत मिटते.

अमेरिकेत टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये मिचेल एनर्जी या कंपनीने 1981 मध्ये पहिली विहीर खणली, पण खडक फोडायच्या पाण्यात महागडं घट्ट जेल घालून खर्च काही निघेना. 1990 च्या दशकाच्या शेवटी त्यांनी जेल जवळपास काढून टाकून घर्षण कमी करणारं थोडं रसायन घातलेलं पातळ पाणी वापरलं आणि काम झालं. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे बार्नेटमध्ये सिलिका भरपूर, त्यामुळे तो काचेसारखा तडकतो. चिकणमाती जास्त असलेला शेल मऊ पडतो, वाळूचे दाणे भिंतीत रुततात आणि भेग बंद होत जाते, म्हणून नुसता गॅस आहे एवढ्यावर विहीर चालत नाही.

आणि चाललेल्या विहिरीचं उत्पादनसुद्धा पहिल्याच वर्षात जोरात खाली येतं, कारण भेगेला लागून असलेला गॅस पटकन निघून जातो, मागचा मात्र त्याच नॅनोमीटरच्या छिद्रांतून हळूहळू येत राहतो, आणि बराचसा तर येतच नाही.